खालचे म्हणजे नक्की कुणाच्या खाली?

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून २०२३ मध्ये नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला जुना इतिहास हवा असतो, आणि इथे तो शोधायला लांब जावे लागत नाही. शेजारच्या मोहखेड तालुक्यात देवगडचा किल्ला उभा आहे. सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या मुलखावर तिथल्या गोंड राजांचा अंमल होता. मात्र स्मरणिकांत आणि समाजाच्या पुस्तिकांत त्या काळाबद्दल लिहायची वेळ आली की एकच ठरीव वाक्य उतरते: ‘गोंड राज्यात उच्च जातींच्या हाती कारभार होता आणि निम्न जातींना गावाबाहेर स्थान होते.’ शब्द थोडे इकडेतिकडे होतात, साचा हाच. कुणाला शिवी नाही, कुणाचा अपमान नाही, म्हणून ते तटस्थ वाटते. माझा आक्षेप नेमका इथेच आहे. हे वाक्य सभ्य आहे, तटस्थ मुळीच नाही.

उच्च कोण? देवगडचा राजा जाटबा गोंड होता. अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त, म्हणजे १५९०च्या दशकात, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात त्याची नोंद केली आहे: दोन हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ, शंभरावर हत्ती. एवढ्या फौजेच्या धन्याला तो जमीनदार म्हणतो, कारण मुघल दरबारात मांडलिक राजासाठी हाच शब्द चाले. आजचा वाचक ‘जमीनदार’ वाचून मोठा शेतमालक डोळ्यांपुढे आणतो. म्हणजे एकच माणूस देवगडात राजा आणि मुघलांच्या कागदात जमीनदार. सोवळे पाळणारा ब्राह्मण त्या राजाचे वेतन घेईल, पण त्याच्या पंगतीला बसणार नाही. आता सांगा, जाटबा उच्च की निम्न?

उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे. मध्ययुगीन समाजात उतरंड एक नव्हती. सत्तेची वेगळी, जमिनीची वेगळी, पंगतीची आणि विटाळाची वेगळी. एकीत वर असलेला माणूस दुसरीत खाली असे. ‘उच्च’ आणि ‘निम्न’ हे शब्द या सगळ्या उतरंडी एकीत कोंबतात आणि ती एक नेहमी विटाळाचीच निघते. लिहिणाऱ्याच्या नकळत तो सोवळे मोजणाऱ्याच्या बाजूने बोलू लागतो.

‘उच्च जातींच्या हाती कारभार’ हेही तपासू. देवगडचाच पुढचा राजा बख्त बुलंद याने १६८६च्या सुमारास औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारला, पुढे १७०२च्या सुमारास नागपूर वसवले. हिंदू आणि मुसलमान, ज्याच्या अंगी कर्तबगारी दिसली त्याला त्याने चाकरीत घेतले, बाहेरचे शेतकरी आणि कारागीर आणून मुलूख लागवडीखाली आणला. यातून ‘उच्च जातींचा कारभार’ निघत नाही. तो आपण नंतरच्या काळातून उचलून मागे नेऊन ठेवला आहे.

कुठून उचलला, तेही सांगता येते. १९०१च्या जनगणनेत रिस्ले साहेबाने जातींची सामाजिक पायरी ठरवण्याचा घाट घातला. मध्य प्रांतात रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा चार खंडांचा जातिकोश १९१६ मध्ये आला. कुणाच्या हातचे पाणी कोण घेतो, यावर त्यांनी जातींचे गट पाडले. काम प्रचंड आहे आणि आजही त्याच्याशिवाय चालत नाही. पण ती नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे, वसाहती सरकारसाठी केलेली आहे आणि तिच्यात माहिती देणाऱ्यांची मते मिसळलेली आहेत. जाटबा आणि हे पुस्तक यांच्यामध्ये तीनशे वर्षे जातात. पुस्तिका लिहिणारा मात्र तिथली पायरी उचलून सरळ जाटबाच्या दरबारात मांडतो, तळाला १९१६ हे साल लिहीत नाही, आणि ती पायरी अनादी काळापासूनची दिसू लागते.

याची किंमत कुणी मोजली, हे या भागात सांगायला नको. संविधानाखालच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असे नाव आहे. गोवारी म्हणजेच गोंड गोवारी की ते वेगळे, या वादात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधानभवनावर निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मेले. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दोन्ही वेगळे ठरवले. त्या निकालात रसेल-हिरालालांच्या गोवारींवरील प्रकरणाची चर्चा आहे. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी केलेले वर्णन एका समाजाचा हक्क ठरवताना पुढे येते. तेव्हा ‘आम्ही तर साधी पुस्तिका काढतो’ ही सबब मला पटत नाही.

आता वाक्याचा दुसरा भाग: ‘गावाबाहेर स्थान होते.’ इथे चूक उलट दिशेची आहे. सौम्य शब्दाने जबरदस्ती पुसली. स्थान आपोआप होत नाही, कुणीतरी ते ठरवतो आणि मोडणाऱ्याला शिक्षा करतो. चोखोबा चौदाव्या शतकात मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंतीखाली गाडले गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराशी, देवळाच्या बाहेर आहे. तिथे ‘बाहेर स्थान होते’ असे लिहिणारा माणूस काटेकोर नसतो, भित्रा असतो. ‘आत येऊ दिले जात नसे’ म्हणा आणि कोण येऊ देत नसे तेही म्हणा. ‘मानले जात’, ‘समजले जात’ या क्रियापदांमागे कर्ता लपतो. त्याला बाहेर काढले की निम्मे काम होते. ‘पुरोहित त्यांना अस्पृश्य मानत’ हे वाक्य माणसांना खाली ठेवत नाही, ठेवणाऱ्याचे नाव सांगते.

आणि जातीची नावे? जुन्या कागदात जे नाव आहे ते अवतरणात, सालासकट तसेच ठेवावे. आपल्या वाक्यात मात्र तो समाज आज स्वतःला जे म्हणवतो ते वापरावे. ‘दलित’, ‘आदिवासी’ ही विसाव्या शतकाच्या चळवळींतून रुजलेली, अभिमानाची नावे आहेत. ती आज जरूर वापरावीत, पण जाटबाच्या प्रजेला तीच चिकटवून तिच्या तोंडी आपली भाषा घालू नये.

ते वाक्य मी असे लिहीन: ‘सोळाव्या शतकाच्या अखेरीस देवगडावर गोंड राजा जाटबाची सत्ता होती, मुघल दरबार त्याला जमीनदार म्हणे. शंभर वर्षांनी बख्त बुलंदने हिंदू-मुसलमान कारभारी नेमले आणि बाहेरचे शेतकरी, कारागीर वसवले. या भागात कोण कुणाच्या हातचे पाणी घेई, याची नोंद १९१६च्या रसेल-हिरालाल यांच्या पुस्तकात आहे आणि ती त्यांच्या काळाची आहे.’ मूळच्यापेक्षा हे लांब आहे. लांब होऊ द्या. कागद महाग नाही.

पांढुर्णा-सौंसरच्या ज्या मंडळांची स्मरणिका आता छापखान्यात जाणार आहे, त्यांना एकच विनंती. ‘उच्च’, ‘निम्न’, ‘मानले जात’ हे शब्द जिथे आले असतील तिथे लाल खूण करा आणि प्रत्येक खुणेशेजारी कोण म्हणाले आणि कोणत्या साली, एवढे लिहा. जिथे हे लिहिता येणार नाही, ते वाक्य काढून टाका.