साहेब, कधीही येतो!

पुण्यातल्या नोकरभरतीवाल्या बाईंचा मेल येतो. प्रश्न तीनच: नोटीस पिरियड किती? लोकेशन कोणतं? स्किल्स काय? आणि आपला पेठचा पोरगा उत्तर लिहायला बसतो ते थेट 'आदरणीय मॅडम, सादर प्रणाम' पासून. पुढे घरची परिस्थिती, कष्टाची तयारी, आणि शेवटी ब्रह्मवाक्य: कधीही येतो, कुठेही येतो, कोणतंही काम करतो.

बाईंसमोर मात्र एक्सेलचा तक्ता उघडा असतो. एका उमेदवाराला एक ओळ. नोटीसच्या चौकटीत त्यांना आकडा हवा, लोकेशनच्या चौकटीत गावाचं नाव. 'कधीही' हा आकडा नाही आणि 'कुठेही' हे गाव नाही. चौकट रिकामी राहते, बाई पुढच्या मेलकडे वळतात. प्रणाम कोणत्याच चौकटीत बसत नाही.

धरून चला, पोरगा आयटीआय झालेला आहे, नाशिकच्या अंबडला सीएनसी मशीनवर तीन वर्षं काम करतोय आणि चाकणच्या कारखान्यासाठी विचारणा झालीय. त्याने अजून राजीनामा दिलेला नाही, तरी नोटीसपुढे 'इमिजिएट' लिहून मोकळा होतो, कारण जाहिरातीत तोच शब्द मोठा असतो. (स्वतःचा माणूस सोडताना तीन महिने अडकवणाऱ्या कंपनीलाही दुसऱ्याचा माणूस सोमवारीच हवा असतो, हा या धंद्यातला जुनाच विनोद.) मग ऑफर आली की गडी रातोरात पळतो. मागे रिलीव्हिंग लेटर अडकतं, आणि दोन कंपन्यांच्या पीएफच्या तारखा एकमेकींवर चढल्या की पुढे खुलासे करत बसावं लागतं. त्यापेक्षा नेमणूकपत्र काढून बघावं. त्यात 30 दिवस असतील तर 30 लिहावं, राजीनामा दिला की नाही तेही लिहावं. दिला असेल, तर दिवसांपेक्षा शेवटच्या दिवसाची तारीख जास्त कामाची. लवकर सुटका होईल असं वाटत असेल, तर आधी सध्याच्या साहेबाला विचारावं. परस्पर आश्वासन देऊ नये.

लोकेशनची गंमत वेगळीच. नुसतं 'पेठ' लिहिलं की पुण्याच्या बाईंना वाटतं, मुलगा सदाशिव नाहीतर नारायण पेठेतला, बरंच झालं. सांगलीकडच्या माणसाला महामार्गावरचा पेठ नाका आठवतो. आपला पेठ तालुका नाशिकहून गुजरातच्या वाटेवर, सावळघाटाच्या पलीकडे, हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. आणि त्यांना मूळ गाव नकोच आहे. आज राहतोस कुठे आणि आमच्याकडे येऊन राहशील का, एवढंच हवंय. अंबडला खोली असेल तर नाशिक लिहा. पेठ गावी गेल्यावर आहेच.

स्किल्समध्ये तर पोरं दुकानच मांडतात: सीएनसी, व्हीएमसी, क्वालिटी, मेंटेनन्स, प्रोग्रॅमिंग. जॉब लावून, सायकल स्टार्टचं बटण दाबून, मायक्रोमीटरने माप घेणारा तो ऑपरेटर. टूल बांधून, ऑफसेट घेऊन पहिला जॉब पास करून देणारा तो सेटर. ड्रॉइंगवरून प्रोग्रॅम लिहिणारा तिसराच. ऑफसेटमध्ये दोन आकडे बदलता येतात म्हणून 'प्रोग्रॅमिंग' लिहिलं, तर ट्रेड टेस्टला हातात कोरं ड्रॉइंग येतं आणि दहा मिनिटांत झाकली मूठ उघडते. मेल वाचणाऱ्या बाईंना यातलं काही कळेलच असं नाही, पण त्यांनी ज्यांना तो पुढे पाठवला त्या प्रॉडक्शनवाल्या साहेबांना सगळं कळतं. म्हणून मशीन, कंट्रोलचं नाव, त्यावरची वर्षं आणि सांभाळलेलं माप, एवढंच लिहावं.

मेल इंग्रजीत जाईल, पण ऐवज हाच:

नोटीस: 30 दिवस. राजीनामा दिलेला नाही, ऑफर लेटर मिळाल्यावर देईन.
लोकेशन: सध्या अंबड, नाशिक. चाकणला राहायला येण्यास तयार. तिन्ही शिफ्ट चालतील.
स्किल्स: सीएनसी टर्निंग, फानुक कंट्रोल, 3 वर्षं (2 ऑपरेटर, 1 सेटर). 0.02 मिमीपर्यंतचं माप. प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती जमते, नवा लिहिता येत नाही.
फोन: संध्याकाळी 6 नंतर. रविवारी गावी असतो, रेंज नसते, मेसेज टाकावा.

त्यातलं 'लिहिता येत नाही' हे घरच्यांना खटकतं. असं कोणी लिहितं का, म्हणतात. पण ज्याने एका गोष्टीला 'नाही' लिहिलं, त्याच्या बाकीच्या 'हो'वर साहेब विश्वास ठेवतो.

आणि हे सगळं त्याच मेलला रिप्लाय करून, ज्याच्या त्याच्या प्रश्नाखाली लिहावं. नवा मेल काढून त्याला 'नोकरीबाबत' असा विषय देऊ नये. त्या बाईंच्या इनबॉक्समध्ये आलेला प्रत्येक मेल नोकरीबाबतच असतो.