मनगटावरचा जकातनाका

सरकारी कचेरीत अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावर अकरा वर्षे काढलेल्या बाईला एक खोड हटकून जडते, ती अशी की कोणतीही तक्रार कानावर आली म्हणजे तिचे निवारण कसे करावे याच्या आधी ती कोणत्या खात्यात नोंदवावी, याचा विचार तिच्या मनात सुरू होतो. म्हणूनच कन्यारत्नाच्या आगमनानंतर पाचव्या आठवड्यात, एका पहाटे तिला पाळण्यातून उचलताना माझ्या डाव्या मनगटातून, अंगठ्याच्या बाजूने, अशी काही कळ उठली की ते रत्न मी उचलले तसेच खाली ठेवले, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो ‘हे काय झाले’ हा नव्हे, तर ‘हे प्रकरण कोणाकडे वर्ग करावे’ हा.

खात्यांची घरात वाण नव्हती. सासूबाईंनी ते तत्काळ वाताच्या खाती टाकले, कारण बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी मी पंखा लावून झोपले होते आणि त्या गुन्ह्याची नोंद त्यांच्या दप्तरी अद्याप कायम होती. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी मनगट दाबून पाहिले, मी किंचाळले, आणि त्या प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, “नस चढलीया, बाई.” यजमानांनी मात्र बाळाचे वजन वाढल्याचे कारण पुढे केले. आता जन्मसमयी 2.9 किलो असलेले अपत्य 4.3 किलोंवर गेले होते हे खरे. परंतु याहून दुप्पट वजनाचे फेरफारांचे गठ्ठे मी वर्षानुवर्षे फळीवरून उतरवले होते आणि त्या गठ्ठ्यांनी माझे मनगट कधी दुखवले नव्हते, मग हे रडणारे, हसणारे आणि मधूनच ओले होणारे दप्तरच असे का वागावे?

या प्रश्नाचे उत्तर हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी दिले, तेही मला खुर्चीवर बसवून, हातात एक उशी देऊन आणि “ही तुमची मुलगी समजा आणि उचला” असे सांगून. मी उचलली. दोन्ही अंगठे ताठ उभे करून, बाकीची बोटे काखेखाली घालून, पंजांचा काटकोन करून आणि मनगटे करंगळीकडे वाकवून. म्हणजे जशी जगातील बहुतेक माता उचलीत असाव्यात तशीच. “गठ्ठा तुम्ही असा उचलता का?” त्यांनी विचारले. गठ्ठा मी खालून, दोन्ही तळव्यांवर तोलून उचलते. आणि गठ्ठा दिवसातून दोनदा उचलावा लागतो. बाळाची गणती मी दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयावर रेघा मारून केली, तर सूर्यास्तापर्यंतच त्रेचाळीस भरल्या.

मग त्यांनी आतली व्यवस्था समजावली, आणि ती ऐकताना मला आपण आपल्याच कचेरीत बसलो आहोत असे वाटू लागले. अंगठ्याच्या मुळापासून हाताच्या कडेने वर बोट सरकवले की मनगटाशी हाडाचा एक उंचवटा लागतो. त्या उंचवट्यावर एक खोबण आहे, आणि तिच्यावर चिवट पट्ट्याचे छप्पर घातलेले आहे; लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. अंगठ्याला तळव्यापासून दूर ओढणारी एक आणि त्याला ताठ करणारी दुसरी, अशा दोन दोऱ्या, म्हणजे कंडरा, एवढ्याशा बोळातून ये-जा करतात. म्हणजे हा जकातनाकाच. अंगठा ताठ आणि मनगट करंगळीकडे कललेले, अशा अवस्थेत वजन उचलले की दोऱ्या नाक्याच्या कमानीवर घासत, वळणावर ओढल्या जातात. त्यातून बाळंतपणानंतर अंगात पाणी धरलेले आणि संप्रेरकांची उलथापालथ चाललेली असते. हळूहळू छप्पर जाड होते, बोळ अरुंद होतो, आणि दोऱ्या प्रत्येक खेपेला अडकून दस्तुरी मागितल्यासारख्या कळवळतात. या दुखण्याच्या वैद्यकीय नावात ‘दाह’ असला तरी पुष्कळदा तिथे खरा दाह थोडा आणि जाडी अधिक असते. म्हणजे आरोपपत्रात एक कलम आणि पुराव्यात दुसरे, ही गोष्ट केवळ महसूल खात्यापुरती मर्यादित नाही हे पाहून मला बरे वाटले.

या दुखण्याला स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हेन यांचे नाव आहे, कारण 1895 साली त्यांनी अशा रुग्णांचे वर्णन लिहिले. इंग्रज वैद्य त्याआधी यालाच परटिणीची लचक म्हणत, कारण कपडे पिळतानाही अंगठ्याची आणि मनगटाची हीच कुस्ती होते. हे दुखणे ओळखण्याच्या परीक्षेची कथा तर याहून रंजक. अंगठा मुठीत दडवून मनगट करंगळीकडे झुकवायचे, ही रीत सर्वत्र फिंकेलस्टाइन यांच्या नावे चालते. वस्तुतः त्यांनी 1930 साली सांगितली ती निराळी, तीत वैद्याने रुग्णाचा अंगठा धरून हात खेचायचा असतो. मुठीची रीत आधीच्या आइशहॉफ यांची. सातबारा एकाच्या नावे आणि कसणारा दुसरा!

डॉक्टरीणबाईंनी हलक्या हाताने परीक्षा केली आणि मला ताबडतोब काशी, रामेश्वर दिसले. आधी त्यांनी पडल्याबिडल्याची चौकशी केली होती, कारण अंगठ्यामागच्या खळग्यात दुखत असेल तर तिथले छोटे हाड मोडलेले असू शकते; मग अंगठ्याचा मुळातला सांधा दाबून पाहिला, तो बिनतक्रार निघाला. घरी आल्यावर नणंदेने उत्साहाच्या भरात हीच परीक्षा सर्वांवर केली. सासूबाई ओरडल्या, यजमान ओरडले, मामंजी सर्वांत मोठ्याने ओरडले, आणि घराण्यात साथ आली असे जाहीर झाले. फोनवर डॉक्टरीणबाई हसल्या. ताण दिला तर निरोगी मनगटही थोडे दुखते, म्हणून दोन्ही हातांची तुलना करायची आणि नेमके त्या उंचवट्यावर बोट ठेवून पाहायचे असते. घराण्याची निर्दोष मुक्तता झाली.

माझ्या हाताला मात्र चार आठवड्यांची नजरकैद मिळाली: अंगठ्याला आणि मनगटाला धरून ठेवणारा, शेंड्याचा सांधा तेवढा मोकळा सोडणारा पट्टा. बाळाला उचलण्याची नवी रीत ठरली. त्याच्या जवळ वाकायचे, एक हात ढुंगणाखाली आणि दुसरा मानेखाली, तळवे आकाशाकडे, अंगठे बोटांना चिकटलेले, आणि भार पंजावर नव्हे तर कोपरापर्यंतच्या हातावर घ्यायचा. दूध पाजतानाही डोके मनगटावर न तोलता खाली उशी. पंधरा दिवसांत कळ निम्मी झाली आणि तिथेच ठाण मांडून बसली.

तेव्हा सुईचा प्रस्ताव आला. स्टेरॉइड त्या बोळात सोडायचे. अंगावरचे दूध बंद करण्याची गरज नाही, असे त्यांनी सासूबाईंना मुद्दाम समोर बसवून सांगितले. एक अट मात्र ऐकवली. काहींच्या बोळात मधोमध पडदा असतो, भावाभावांत वाटणी होऊन भिंत घालावी तसा; औषध एकाच खोलीत गेले तर दुसरी तक्रार कायम राहते. मग पुन्हा सुई, आणि तरीही भागले नाही तर छप्पर कापून मोकळे करण्याची छोटी शस्त्रक्रिया, जिच्यात त्वचेखालून जाणाऱ्या संवेदनेच्या नाजूक नसेला जपावे लागते. माझ्या नशिबी वाटणी नव्हती. दहा दिवसांत नाका खुला झाला. मागे राहिला तो साबुदाण्याएवढा एक पांढुरका ठिपका. सावळ्या कातडीवर तो उठून दिसतो, आणि सासूबाई त्याकडे अजूनही पंख्याचाच पुरावा म्हणून पाहतात.

या काळात त्रेचाळीसपैकी वीसबावीस खेपा यजमानांकडे वर्ग झाल्या होत्या. नवी रीत त्यांना शिकवण्याचे माझ्याकडून राहून गेले, आणि विचारण्याचे त्यांच्याकडून. रजेचे एकशेऐंशी दिवस संपत आले असताना एका रात्री अंधारात पलंगाच्या पलीकडून दबलेला “आई गं!” ऐकू आला. दिवा लावला, तर उजवा अंगठा मुठीत कोंडून ते मनगट करंगळीकडे वाकवून पाहत होते. मी कपाटातून पट्टा काढून दिला. पण तो डाव्या हाताचा होता.