लेखा विभागास: रविवारच्या बाराशे रुपयांविषयी

प्रति,
माननीय लेखा विभाग,
विषय: जुलैच्या पगारातून कापलेले ३,६०० रुपये.

अर्जदाराचा महिन्याचा पगार ३१,२०० रुपये. शिल्लक रजा संपल्यामुळे त्याने जुलैत एक शनिवार आणि त्यानंतरचा सोमवार बिनपगारी घेतला. गावाकडे लग्न होतं. मधल्या रविवारी कार्यालयाला कुलूप होतं, हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे सांगतील. तरीही पगारपत्रकात बिनपगारी दिवसांच्या रकान्यात ३ हा आकडा आहे.

चौकशी केल्यावर खिडकीतून उत्तर आलं, "सँडविच रूल." दोन रजांच्या मधे सापडलेली सुट्टीही रजाच. बरं, तेही मान्य. पण मग एका दिवसाचे १,२०० रुपये आले कुठून? आपण पगाराला २६ ने भागलंत.

गोम इथेच आहे. २६ हा आकडा रविवार वगळून येतो. ग्रॅच्युइटीच्या हिशेबातही महिन्याच्या पगाराला २६ नेच भागतात. तिथे त्यामुळे रोजचा दर वाढतो आणि फायदा कर्मचाऱ्याचा होतो. आपण हाच चढा दर कपातीला लावलात. म्हणजे भागताना रविवार महिन्यात नव्हता आणि कापताना तो हजर झाला! एरवी रविवारी बोलावून कुणी येत नाही.

रविवार मोजायचाच असेल तर जुलैच्या ३१ दिवसांनी भागावं. दर १,००६ रुपये ४५ पैसे येतो आणि तीन दिवसांचे ३,०१९ रुपये ३५ पैसे होतात. मोजायचा नसेल तर २६ ने भागून दोनच दिवस कापावेत: २,४०० रुपये. ३,६०० हा आकडा यांपैकी कुठल्याच रीतीने येत नाही.

आपली रीत पुढे नेऊन पाहिली तर मौज वाटते. समजा, कुणी अख्खा जुलै गैरहजर राहिला. ३१ दिवसांचे प्रत्येकी १,२०० याप्रमाणे ३७,२०० रुपये कापायचे. पगार ३१,२००. तेव्हा घरी बसल्याबद्दल त्यानेच कार्यालयाला ६,००० रुपये आणून द्यायचे. पावती मिळेल ना?

गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणाबाहेर जाऊ नये, हा नियम १९३६ च्या वेतन कायद्यात होता आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. एखादा महिना पूर्ण चुकला तर फार तर त्या महिन्याचा पगार जाईल, ही साधी कसोटी त्यातूनच निघते. आपली रीत तिथेच नापास होते. (व्यवसाय कराचे २०० रुपये मात्र नेहमीप्रमाणे पुरते कापले गेले, त्याबद्दल तक्रार नाही.)

तरी विनंती, की रविवार महिन्यात धरायचा की नाही हे आधी ठरवावं. धरलात तर ५८० रुपये ६५ पैसे परत करावेत, न धरल्यास १,२०० रुपये. ऑगस्टच्या पगारात 'मागील फरक' म्हणून जमा केले तरी चालेल. सोबत हिशेबाचा कागद द्यावा.

कळावे,
आपला, रविवारी गैरहजर ठरलेला,
अर्जदार