मिस्तरींसाठी साप्ताहिक प्रश्नोत्तर-शास्त्र

बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही प्लंबरला वा इलेक्ट्रिशियनला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'निघालास का?' त्याचं उत्तर, 'निघालोच', सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे. त्यामुळे आपल्या व्हॉट्सॲपवरच्या साप्ताहिक प्रश्नोत्तर मालिकेत ते घेऊ नये. घेतल्यास पुढच्या आठवड्यात 'मग पोचला का नाहीस?' हा भाग लिहावा लागतो.

खरा कच्चा माल कॉलमध्ये असतो. नळाला रोज पाणी नाही, म्हणून ज्या दिवशी पाणी सुटतं त्या दिवशीच हौदावरची मोटर अडून बसते आणि फोन येतो: "दादा, मोटर नुसती घूंऽऽ करतीय, पाणी उचलना." हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा. त्याचं 'मोटर सुरू न होण्याची कारणे' करू नका, कारण गिऱ्हाईक तसं बोलत नाही. 'घूंऽऽ' हेच मथळ्यात हवं, निदान त्याच आवाजात आहे. मोटर फिरतेय पण पाणी नाही, तर हवा धरली असेल किंवा फूटव्हॉल्व्ह गळत असेल. तो वेगळा आवाज, म्हणून वेगळा आठवडा.

उत्तर असं लिहा: 'आधी बटण बंद करा, प्लग काढा. घूं करत ठेवली तर वाइंडिंग जळतं. मग मागच्या पंख्याचा दांडा स्क्रूड्रायव्हरने फिरवून बघा. सहज फिरला तर बहुधा कंडेन्सर गेलाय किंवा व्होल्टेज कमी आहे. फिरलाच नाही तर गंजून जाम झालीय.' इथे थांबा. कंडेन्सर कसा बदलायचा ते लिहू नये. प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला असू शकतो, आणि पाटीवर लिहिलेल्या एमएफडीचाच लागतो, हे शेजारच्या हौशी काकांना कोण सांगणार? त्या कामासाठी तुम्ही आहात.

आता पोस्ट. व्हॉट्सॲप स्टेटस 24 तासांत जातं, म्हणून ते पाणी सुटायच्या आदल्या संध्याकाळी ठेवा. ब्रॉडकास्टही करा, पण तो फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. बिल देताना समोरच सेव्ह करून घ्या, मग ते 'नळवाला' लिहोत की 'उद्या येतो'. व्हॉट्सॲप बिझनेस असेल तर तेच उत्तर 'क्विक रिप्लाय'मध्ये साठवा. पुढच्या वेळी `/motor` टाइप केलं की भागलं. एका हाताने पाना धरून तेवढं जमतं.

मालिका लागू पडली हे फोनवरूनच कळतं. 'मोटर बिघडली' बंद होतं आणि 'दांडा फिरतोय, कंडेन्सर घेऊन या' सुरू होतं. लगोलग दुसरा फोन येतो: "बिघाड आम्हीच शोधला, मग व्हिजिटचे पैसे कशाचे?"

पुढच्या आठवड्याचा प्रश्न मिळाला.