अन्वस्ताखालची जागा रंगवण्याचा शास्त्रोक्त विधी

साहित्य : आलेखाचा कागद, टोक काढलेली पेन्सिल, खोडरबर आणि डोके. पहिल्या तीन वस्तू आमच्या भाच्याकडे उत्तम प्रतीच्या आहेत.

असमानता घ्यावी : x² − 4x − y > 0. प्रथम > च्या जागी बरोबरीचे चिन्ह मानून वक्र काढावा. तो (0, 0) आणि (4, 0) मधून जातो, शिरोबिंदू (2, −4). चिन्हाखाली बरोबरीची रेघ नाही, म्हणून वक्र तुटक. अखंड काढलात तर वक्रावरचे बिंदूही उत्तरात घुसतात.

यानंतर रंगवू नये. हा नियम खास भाच्यासाठी. > दिसले की ‘मोठं म्हणजे वरचं’ असे पुटपुटत तो वक्राच्या पोटातला भाग रंगवून मोकळा होतो. रंगवतो मात्र काय सुरेख! सगळ्या रेघा एका कलाने, एकही वक्राबाहेर नाही. एवढे देखणे चूक उत्तर खोडायचे जिवावर येते. अरे, ‘मोठं म्हणजे वरचं’ हे y एकटा डावीकडे असेल तेव्हाचे. इथे तो उणे चिन्ह घेऊन बसलाय. त्याला उजवीकडे पाठवले की y < x² − 4x उरते, म्हणजे वक्राच्या खालचा भाग.

खात्रीसाठी एक बिंदू घालून पाहावा. भाचा डोळे मिटून (0, 0) घेतो, कारण गुणाकार टळतो. इथे 0 > 0 येते, ते खोटे. म्हणून तो आरंभबिंदू नसलेली बाजू शोधू लागतो. पण आरंभबिंदू वक्रावरच आहे, कुंपणावर बसलेला. तो कोणत्याच बाजूचा नाही, त्याची साक्ष काय कामाची? वक्रापासून सरळ दूर असलेला (2, 0) घ्या : 4 − 8 − 0 = −4, शून्याहून मोठे नाही. म्हणजे पोटातला भाग बाद, बाहेरचा सगळा खरा. एकच बिंदू पुरतो, कारण वक्र न ओलांडता या राशीचे चिन्ह बदलू शकत नाही.

आता रंगवावे. इथे भाचा शिरोबिंदूखाली पट्टा रंगवून थांबतो. बाजूचे वर गेलेले कोपरे कोरेच.

“मामा, (6, 5) तर वर आहे ना!”

कशाच्या वर? x = 6 च्या उभ्या रेषेवर वक्र 12 वर आहे, 5 त्याच्या खालीच. ताळा करायचा तर 36 − 24 − 5 = 7, शून्याहून मोठे. वर-खाली ठरते ते त्या त्या उभ्या रेषेवर, शिरोबिंदूच्या उंचीवरून नाही.

हे ऐकून पोराचा चेहरा खुलला. गणित कळले म्हणून नव्हे, रंगवायला आणखी दोन कोपरे मिळाले म्हणून.