दिवा कोणी चालू ठेवलाय?

मी काटकसरी आहे. हे माझं मत झालं. घरात ते अल्पमतात आहे. ही मला हिशेबी म्हणते. मुलगी तोंडावर चिकट म्हणते आणि मेहुणा पाठीमागे कंजूष म्हणतो. तो काय म्हणतो हे मला हीच सांगते, त्यामुळे त्यात मेहुण्याचं किती आणि हिचं किती हे ठरवणं अवघड जातं.

एकच माणूस, एकच पाकीट आणि चार शब्द. पहिला लग्नाच्या बोलणीत चालतो, चौथा ऐकून माणूस सोयरीक मोडतो. मधल्या दोघांचं काम जिन्यासारखं: हिशेबीपर्यंत आलात तर अजून वर जाता येतं, चिकट झालात की पाय खालीच घसरतो.

आमच्याकडे हा जिना दिव्यांवरून सुरू होतो. कोणी खोलीतून बाहेर पडलं आणि दिवा राहिला, की मी जिथे असेन तिथून हाक देतो, “दिवा कोणी चालू ठेवलाय?” मोलियरच्या 1668 सालच्या नाटकातला कंजूष हार्पागॉन रंगमंचावर दोन मेणबत्त्या पेटलेल्या दिसल्या, की एक विझवतो. याच नाटकावरून आचार्य अत्र्यांनी ‘कवडीचुंबक’ लिहिलं. हा तपशील मी मेहुण्यासमोर कधीही काढत नाही. त्याला पाचवा शब्द सापडायचा.

एका रविवारी मुलीने वही घेतली. ती विज्ञान शाखेला आहे, फी मीच भरतो. “बाबा, दिवा 9 वॅटचा. एक युनिट जळायला त्याला 111 तास लागतात. युनिट दहा रुपयांचं धरू. तुम्ही सोफ्यावरून उठून तासभर जळणारा दिवा बंद केलात, तर वाचले नऊ पैसे.” मी म्हटलं, थेंबे थेंबे तळे साचे. तिने पान उलटलं. “आता तुमचा गीझर. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला सहा दशांश युनिट लागतं. म्हणजे तुमच्या एका आंघोळीत हा दिवा जवळजवळ तीन दिवस अखंड जळेल.” मला कढत पाण्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. दिवा इतरांनी चालू ठेवलेला असतो आणि गीझर मी, एवढाच काय तो फरक. पण त्या दिवसापासून माझ्या हाकेला मुलगी न्हाणीघराकडे बोट करून उत्तर देते.

दुधाच्या पिशवीबाबत मात्र मी कोणाचं ऐकून घेणार नाही. पिशवी कापणं ही विद्या आहे आणि ती माझ्याबरोबर जाणार, कारण पुढच्या पिढीला ती नको आहे. कोपरा पूर्ण तोडायचा नसतो. कात्री तिरकी धरून छेद द्यायचा आणि शेवटचा धागा राखायचा, तो तुकडा पिशवीला लोंबकळत राहिला पाहिजे. सुटा तुकडा भंगारवाला उचलत नाही, झाडूत सापडत नाही, थेट गटार गाठतो. दूध पातेल्यात गेलं, की पिशवी उभी धरून दोन बोटांच्या चिमटीतून वरून खाली सावकाश ओढायची. शेवटचे थेंब घरंगळत येतात तो क्षण मला फार आवडतो. मग दोन चमचे पाणी घालून, तोंड दाबून पिशवी गदगदा हलवायची आणि तेही पातेल्यात. याला काहीजण दुधात पाणी घालणं म्हणतात. ज्यांच्या पिशवीच्या कडांना साय चिकटलेली राहते, त्यांनी मला भेसळ शिकवू नये. नंतर पिशवी कडेने उघडून धुवायची आणि ओट्यामागच्या टाइल्सवर चापून बसवायची. ओली असेतो ती तिथे तसबिरीसारखी राहते, वाळली की आपण होऊन गळून पडते. घडी घालून दाराआडच्या मोठ्या पिशवीत. एका पिशवीचं वजन जेमतेम दोन-तीन ग्रॅम, त्यामुळे किलो भरायला वर्ष लोटतं. त्याचे जे पैसे येतात त्यात मी भंगारवाल्यासमोर उभा राहून घासाघीस करतो आणि विजयी चेहऱ्याने वर येतो.

हे सगळं मी एकदा पाहुण्यांना रंगवून सांगत होतो. ही चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, “अहो, कापता तुम्ही. धुतं कोण?”

पाहुणे हसले, मीही हसलो. पण चारही शब्दांचं वर्म तिथेच आहे, असं मला आता वाटतं. रुपया चौघेही वाचवतात. वाचवण्याची झळ स्वतः सोसतो तो काटकसरी. झळ आणि बचत यांची वही मांडतो तो हिशेबी. झळ दुसऱ्याला लावतो तो चिकट. कंजूष बिचारा स्वतःलाही सोडत नाही, दुसऱ्यालाही नाही. हार्पागॉनने दहा हजार मोहरा बागेत पुरल्या होत्या, त्यांतली एकही त्याच्या उपयोगाची नव्हती.

हिशेबी या शब्दाला मी लायक आहे, हे पंख्यांवरून सिद्ध करता येतं. जुना पंखा 75 वॅट खातो, नव्या बीएलडीसी मोटरचा साधारण 30. रोज दहा तास, वर्षाचे दहा महिने चालला तर 135 युनिटं वाचतात. बिलात शंभर युनिटांनंतर दर चढतो आणि वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं, म्हणून दहा रुपयांचा भाव धरायला हरकत नाही. वर्षाला साडेतेराशे. पंखा तीन हजारांचा, सव्वादोन वर्षांत फिटतो. कंजूष माणूस इथेच अडतो: तीन हजार सुटत नाहीत म्हणून तो जुन्या पंख्याखाली जन्मभर जास्त पैसे भरत बसतो. मी दिवाणखान्यात एक घेतला, झोपण्याच्या खोलीत एक घेतला आणि हा हिशेब ज्याला त्याला ऐकवला.

सासूबाई राहायला आल्या होत्या. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, “आणि स्वयंपाकघरात?”

स्वयंपाकघरात पंखा नाही. आमच्या वेळच्या घरांत नसायचाच. ज्योत हलते, गॅस वाया जातो, हे कारण मी वडिलांकडून जसंच्या तसं घेतलं होतं. त्या ज्योतीसमोर एप्रिल-मे महिन्यांत आई उभी असायची आणि पोळ्या झाल्या की पदराने मान पुसत बाहेर यायची. गावात वडिलांचं नाव काटकसरी म्हणून होतं. बचत त्यांच्या पासबुकात दिसायची, घाम कुठेच मांडलेला नसायचा. आईला तो शब्द कोणी लावल्याचं मला आठवत नाही. याचा मला राग येतो आणि राग कोणावर काढावा हे पाहायला गेलं तर ज्योतीचं कारण सांगणारा मीच समोर उभा असतो.

भिंतीवरचा पंखा आणला. ओट्याकडे नाही, माणसाच्या पाठीवर वारा येईल असा बसवला, त्याने ज्योत हलत नाही. दुकानात बीएलडीसीचा भिंतपंखाही होता, पण तो महाग. दिवसाला तीन तास चालणाऱ्या पंख्यावर जादा पैसे घालून ते कधी फिटणार, असं मी दुकानदाराला विचारत होतो, तेवढ्यात मुलीने साधा पंखा उचलून पैसे देऊनही टाकले. माझ्याच कार्डावरून.

पहिल्या संध्याकाळी ही पोळ्या संपवून बाहेर आली, जेवायला बसली. आत पंखा गरगरत होता. 50 वॅट, रिकाम्या खोलीत. मी खुर्ची मागे सरकवली.

“बसा,” ही म्हणाली. “ओटा पुसायचाय अजून. हिशेबच करायचा असेल तर आधी गीझर बंद करून या, सकाळपासून चालू आहे.”