कळतंय की!

मानवतच्या एका जिनिंगमध्ये आम्ही ज्यांना नुसतंच काका म्हणतो, ते तिथले सगळ्यांत जुने ग्रेडर. ट्रॉलीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठभर कापूस काढायचा, डोळे किलकिले करायचे आणि म्हणायचं, "दहा." ओलाव्याचं मीटर नंतर साडेनऊ-दहाच्या आसपासच थांबतं. कसं कळलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "कळतंय की!" एवढ्या दोन शब्दांवर काकांचे सगळे हंगाम निघाले.

यंदा शेठनी घोळ घातला. बाकीचे ग्रेडर, काट्यावरचा कारकून आणि गंजीवरचा मुकादम यांना काकांनी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास ओलावा ओळखायला शिकवावा, असं फर्मान निघालं. काकांचं जेवण गोड लागेना. नातवाला कामाला लावून त्यांनी स्लाइडा करवून घेतल्या. पहिलीवर गणपती, दुसरीवर शेठचा फोटो, मग कापसाचा इतिहास. पंधराव्या स्लाइडपर्यंत कापूस शेतातच उभा होता, जिनिंगच्या फाटकापर्यंत यायची काही चिन्हं नव्हती. घरी रंगीत तालीम झाली तेव्हा काकू मधेच उठून कुकर लावायला गेल्या.

मी हिशेबाचा माणूस, म्हणून मला सल्ला विचारला. म्हटलं, "काका, तुम्ही बोलू नका. हात घाला, मी लिहून घेतो." तेव्हा कुठं कळलं की त्या दोन शब्दांत किती कामं दडलेली होती. काका वरचा कापूस कधीच बघत नाहीत, त्याला वाटेत ऊन-वारा लागलेला असतो. ताडपत्री सारून चार-पाच जागी, तेही खोल, हात घालतात. मूठ दाबून सोडतात. कोरडा कापूस फुलून वर येतो, ओला दबून बसतो. शेवटी सरकी काढून दाढेखाली धरतात. कट्ट वाजली तर वाळलेली, नुसतीच चेपली तर आत पाणी आहे. "दात चाललेत म्हणून नोकरी चाललीय," हे काकांचं आयुष्याबद्दलचं एकमेव मोठं विधान.

मग नमुने. आदल्या संध्याकाळी काकांनी वाळलेला, मध्यम आणि पहिल्या वेचणीचा ओलसर असे तीन ढीग पेपरावर मांडले आणि ऑफिसातला पंखा सुरूच ठेवून घरी गेले. सकाळी मीटर टोचलं तर तिन्ही ढीग जवळपास सारखेच! काकांनी मीटरला, मीटरच्या कंपनीला आणि बॅटरीला नावं ठेवली. मग सवयीनं सरकी चावली. ओलसर ढिगातली अजून चेपत होती. रुई रातोरात वाळली होती, सरकीनं पाणी धरून ठेवलं होतं, आणि मीटरच्या सुया रुईतच घुसल्या होत्या. शिकवायचं ते इथंच सापडलं. नातवाच्या स्लाइडा त्याच क्षणी निवृत्त झाल्या. नवे नमुने तोंड बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत गेले. फसवा ढीग मात्र मुद्दाम तसाच ठेवला.

वर्गात नियम एकच: आधी चिठ्ठीवर आकडा लिहायचा, मग मीटर लावायचं. मीटर आधी दिसलं की सगळेच हुशार होतात, हे काकांना न सांगता कळत होतं. कारकुनानं धोका नको म्हणून सगळीकडे बारा लिहिलं. मुकादमाच्या चिठ्ठीवर "शेठ म्हणतील तेवढा" असं होतं. फसव्या ढिगाला सगळ्यांनी, मीटरसह, कोरडा ठरवलं. काकांनी एकेकाच्या हातावर सरकी ठेवली आणि म्हणाले, "चावा." खोलीत क्षणभर फक्त चावण्याचे आवाज, तेही अपेक्षेपेक्षा मऊ.

कारकुनाला अजून पटेना, एखाद्या टक्क्यानं काय बिघडतं? तेव्हा मी फळ्यावर गेलो. सीसीआयच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव, पुढं दर टक्क्याला भावाचा एक टक्का कमी, आणि 12 च्या वर खरेदीच नाही. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये, म्हणजे टक्क्यामागं क्विंटलला 81 रुपये 10 पैसे. वीस क्विंटलची ट्रॉली धरली आणि ग्रेडर दोन टक्के चुकला, तर 3244 रुपये इकडचे तिकडे. जास्त सांगितला तर शेतकरी फाटकातच भांडायला उभा, कमी सांगितला तर शेठ. मुकादमानं तेवढ्यात चिठ्ठी खोडून आकडा लिहिला.

अर्ध्या तासाची पन्नास मिनिटं झाली, कुणाचा डबा उघडलाच नाही. शेवटी नवा पोरगा विचारता झाला, "काका, पण नेमके दहा कसे कळतेत?" काका म्हणाले, "कळतंय की!"

तुमच्याकडं असे कुणी काका असतील तर त्यांच्याकडून भाषण करवून घेऊ नका. नमुने आणा, पिशव्यांची तोंडं घट्ट बांधा आणि पंखा बंद ठेवा.